सहा पौंड पाणी

छप्पन सालच्या सप्टेंबरात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरून गेलं होतं. आमच्या मेडिकल कॉलेजच्या बोर्डावर रोज नवी यादी लागे. कोण आंध्रात राहणार, कोण मुंबई राज्यात जाणार, कोण म्हैसुरात. मी तिथं शरीरक्रियाशास्त्र शिकवत होतो. घर बरकतपुऱ्यात, तीन पिढ्या सरकारी नोकरीत आणि शिक्षकीत गेलेल्या. मला कुठंच जायचं नव्हतं. पण वासंती कदम या माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांचं नाव औरंगाबादच्या यादीत निघालं. हणमंतराव कदम महसूल खात्यात कारकून होते. मूळचे नांदेडकडचे शेतकरी, शिकून शहरात नोकरीला लागलेलं त्यांच्या घरातलं पहिलं माणूस. आता मुलीला तिकडच्या कॉलेजात जागा मिळवायची, तर तिची प्रॅक्टिकलची वही पुरी असायला हवी होती, आणि वहीवर माझी सही.

वही पुरी होती. फक्त एका पानावर मी लाल शाईनं लिहिलं होतं : 'आकडे विश्वासार्ह नाहीत.'

ते कसं झालं ते आधी सांगतो.

त्या महिन्यात मी वर्गाला हायपोथॅलॅमस शिकवत होतो. मेंदूच्या तळाशी, साधारण बदामाएवढा भाग. त्याला भूक, तहान आणि अंगातली ऊब या तिन्हींचा हिशेब ठेवावा लागतो. मुलांना तो शब्द जड वाटे, म्हणून मी त्यांना प्रयोगशाळेतल्या वॉटर बाथपाशी उभं करत असे. पाणी सदतीस अंशांच्या खाली गेलं की आतला स्विच लागतो आणि तार तापते. पाणी तापलं की तोच स्विच सुटतो.

"तार कुणी थांबवली?" मी विचारलं.

"स्विचनं, सर," अप्पाराव म्हणाला. हा वरंगळचा, वर्गातला सगळ्यांत बोलका.

"आणि स्विचला कुणी सांगितलं?"

मागून वासंती म्हणाली, "तापलेल्या पाण्यानंच."

"बरोबर. काम झालं, आणि झालेल्या कामानंच काम थांबवलं. निरोप जातो, काम होतं, आणि कामाचा निरोप परत येतो. शरीर असंच चालतं. थंडी वाजली की कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, अंग कापतं, ऊब तयार होते. गरम झालं की वाहिन्या सैल होतात, घाम येतो, घाम वाळताना ऊब घेऊन जातो. ऊब ठीक झाली की कापणंही थांबतं, घामही थांबतो."

मग तहान. अंगातलं पाणी थोडं कमी झालं, अगदी शंभरात एकदोन भाग, की रक्त खारट होतं. हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशींमधलं पाणी खेचलं जाऊन त्या आकसतात. त्यांच्याकडून दोन निरोप निघतात. एक आपल्याला : पाणी पी. दुसरा हायपोथॅलॅमसखाली लोंबणाऱ्या पिट्युइटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटतो आणि मूत्रपिंडांकडे जातो : पाणी सोडू नका, राखा. लघवी थोडी आणि गडद होते. पाणी प्यायलो की रक्त पातळ होतं, पेशी पुन्हा फुगतात, दोन्ही निरोप बंद.

"आणि भूक?" वासंतीनं विचारलं.

"भुकेच्या दोन जागा आहेत. बाजूची म्हणते खा, मधली म्हणते पुरे. उंदराची मधली जागा नष्ट केली तर तो खातच राहतो, फुगत जातो. बाजूची नष्ट केली तर अन्नाच्या ढिगात बसून उपाशी मरतो."

"पुरे म्हणायला तिला कोण सांगतं?"

"ते अजून नीट कळलेलं नाही. रक्तातली साखर असावी." अंगातली चरबीसुद्धा निरोप पाठवते हे पक्कं कळेपर्यंत मी म्हातारा झालो.

अप्पाराव हळूच म्हणाला, "वासंतीगारू, तुझ्या पुरेवालीला सुट्टी दिसते." दोघीचौघी हसल्या. ती वर्षभरात चांगली जाड झाली होती आणि मैत्रिणींचे डबे संपवायची. तीही हसली. बाकावर तिचा फिरकीचा तांब्या होता. तो तिच्याबरोबर कायम असे. तास संपायच्या आत तो रिकामा व्हायचा आणि ती भरायला पळायची. मी ते वर्षभर रोज पाहत होतो.

नंतरच्या शनिवारी पाण्याचं प्रॅक्टिकल होतं. अर्धा वर्ग सकाळी आठला लिटरभर पाणी पितो. उरलेल्या अर्ध्यानं आदल्या रात्री दहापासून थेंबही घ्यायचा नाही. मग सगळ्यांनी दर अर्ध्या तासानं लघवी मोजायची : किती, आणि युरिनोमीटर तिच्यात किती तरंगतो. पाण्यासारखी असेल तर तो खाली बुडतो आणि आकडा एक हजार तीन-चार येतो. गडद असेल तर वर उचलला जातो, हजार पंचवीस, तीस. आमच्याकडे एक रीत होती. कोरड्या गटातल्या प्रत्येकानं प्रयोगाआधी रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं लिहायचं, 'रात्री दहानंतर पाणी घेतलेलं नाही,' आणि खाली सही करायची. प्रयोग संपला की ओल्या गटानं त्यांना सुलतान बाजारातून बर्फाचं सरबत आणून पाजायचं. मला या रजिस्टरचा अभिमान होता. माझ्या वर्गात आकडे बनवले जात नाहीत, असं मी सगळीकडे सांगत असे.

वासंतीचं नाव कोरड्या गटात आलं. तिनं सही केली. तिचा आठचा आकडा आला एक हजार चार. साडेआठचा एक हजार तीन. ओल्या गटातल्या मुलांच्या बरोबरीनं, किंबहुना त्यांच्याहून फिका.

"पाणी प्यायलीस?" मी विचारलं.

"नाही सर."

"तहान लागली, उठून घोटभर घेतलं, असं झालं असेल. सांगितलंस तर मी रागावणार नाही."

"नाही घेतलं सर. आईला विचारा. रात्रभर झोप नाही मला, उभं राहिलं की चक्कर येते."

मूत्रपिंडाला खोटं बोलता येत नाही, असं मी मुलांना शिकवलं होतं. पाण्यावाचून दहा तास राहिलेल्या माणसाचं मूत्रपिंड अशी लघवी देतच नाही. म्हणजे मुलगी खोटं बोलते. निरोगी माणसाचं मूत्रपिंड, असं त्या वाक्यात असायला हवं होतं. पंचवीस वर्षं निरोगी मुलांवर प्रयोग करून तो शब्द माझ्या हातून गळून गेला होता. मी लाल शाईनं ते वाक्य लिहिलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती वही घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात मी जिन्याच्या कडेला उभा असताना ती माझ्या अगदी बाजूनं गेली, पण नमस्कार केला नाही. मला वाटलं, ताठा आहे.

मग महसूल खात्याच्या याद्या लागल्या. हणमंतराव मला भेटायला आले. उन्हातून चालत आले होते, टोपी हातात.

"सर, हिच्या वहीत काही लिहिलंत म्हणे."

"प्रयोग नीट केला नाही तिनं."

"लेकरू लबाड नाही सर. शेण लागलेल्या हातानं देवाला शिवणार नाही अशी पोर आहे. पण तुम्ही म्हणता तर असेल." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तिकडं लाल रेघ बघितली तर घेतील का हो हिला?"

वासंती त्यांच्या मागं उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही नका बोलू. सर, मी परत करते. तुमच्यासमोर बसते. सकाळपासून तुम्ही म्हणाल तोवर. कुणाला तरी राखणीला ठेवा."

मी हो म्हणालो. मला वाटलं, मी तिला संधी देतोय.

बुधवारी ती सातला आली. राखणीला मालनबाई होती, मुलींच्या खोलीची आया. तिनं दार लावलं, तांब्या बाहेर काढून ठेवला, नळाच्या तोंडाला फडकं बांधलं. नियमाप्रमाणे आठला मी वासंतीचं वजन केलं. एकशे बारा पौंड. पहिला आकडा एक हजार तीन.

मी मनात हिशेब केला. ही पहाटे घरून भरपूर पिऊन आली असणार. ठीक आहे. जास्तीचं पाणी निरोगी शरीर तीन तासांत बाहेर टाकतं. अकरापर्यंत साठा संपेल, मग लघवी गडद व्हायलाच हवी. तेव्हा तिला सांगता येईल, बघ, खरं काय ते निघालंच.

ती खुर्चीत बसून पुस्तक वाचत होती. दर अर्ध्या तासानं मालनबाई तिला आत नेई आणि काचेचं भांडं घेऊन येई. दोनशे सीसी. एकशे नव्वद. दोनशे दहा. मी आकडे एकाखाली एक लिहीत होतो. बेरीज केली नाही.

अकरा वाजले. एक हजार तीन.

मालनबाई माझ्या टेबलापाशी आली. "साहेब, पोरीच्या ओठांवर पापुद्रे आलेत."

"अजून अर्धा तास."

"तुमचा अर्धा तास कवापासून चाललाय. पाणी म्हंजे काय दारू हाय का, नक्को म्हनायला?"

"मालनबाई, तू तर दिलं नाहीस ना तिला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं ती त्या खोलीत होती. "माज्या पोराची आन घेनार न्हाई मी," ती म्हणाली, "दिलं न्हाई म्हंजे न्हाई. तुमीच येऊन बसा तिच्यापाशी."

मी जाऊन बसलो. वासंतीनं पुस्तक मिटलं होतं.

"बरं वाटत नसेल तर थांबवू," मी म्हणालो.

"आकडा वर गेला का सर?"

"नाही."

"मग नका थांबवू. लाल रेघ तशीच राहील."

बाराला एक हजार तीन. एकला एक हजार तीन. दीडला ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा, बैल सोडले का?" मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. तापमापी लावली, एकशे एक. मी तिला धरून वजनकाट्यावर उभी केली. काटा एकशे सहावर थांबला.

सहा पौंड. साडेपाच तासांत. सकाळपासून लिहिलेल्या आकड्यांची मी तिथंच उभ्या उभ्या बेरीज केली. ते पाणी कुणी दिलं नव्हतं, ती चोरून प्यायली नव्हती. ते तिच्या रक्तातून, स्नायूंतून, तिच्या स्वतःच्या अंगातून निघत होतं. मूत्रपिंडांना 'राखा' हा निरोप जातच नव्हता. तो बहुधा वर्षभर गेला नव्हता. दुसरा निरोप, तहान, तेवढा शाबूत होता, आणि तो तांब्या त्याच निरोपावर चालत होता. त्या तांब्यावरच ती जिवंत होती. तो मी काढून घेतला होता.

मालनबाईनं नळाचं फडकं सोडलं. वासंती नऊ पेले पाणी प्यायली. पेला मी धरला होता. तासाभरानं ती नीट बोलायला लागली आणि तिनं पहिली गोष्ट विचारली, "आकडा काय आला?"

"तू खरं बोलत होतीस," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे सर."

संध्याकाळी मी इस्पितळात डॉक्टर मीरसाहेबांकडे गेलो. ते माझे जुने मित्र, वयानं वडील. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मियाँ," ते म्हणाले, "किताब तो तुम रोज पढाते. बच्ची सामने बैठी थी."

त्यांनी औषधांच्या कपाटातून पिट्रेसिनच्या दोन कुप्या काढून दिल्या. पिट्युइटरीच्या मागच्या भागाचा तो अर्क, म्हणजे नेमका तो न जाणारा निरोप, कुपीत भरलेला. मुंबईहून फार थोड्या येत.

दुसऱ्या दिवशी वासंती इस्पितळात खाटेवर बसून होती. शेजारी भरलेला तांब्या. सुई दिली. दोन तासांनी तिनं हट्टानं स्वतः युरिनोमीटर धरला, डोळ्यांच्या रेषेत आणला. "एक हजार सतरा," ती म्हणाली. पुन्हा पाहिलं. "सर, सतरा." असा आनंद मी फार थोड्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पाहिलाय. "म्हणजे मूत्रपिंडं चांगली आहेत. हुकूम मिळाला की ऐकतात. हुकूमच निघत नव्हता."

"हो."

"मग तो कुठं अडला असेल? पिट्युइटरीत, नाहीतर तिच्या वर." मी पाहत होतो, ती एकेक पायरी चढत होती, आणि मला तिला थांबवता येत नव्हतं. "भूकही माझी भागत नाही. चौदा पौंड वाढलंय माझं. आणि गेल्या उन्हाळ्यात सगळ्यांना घाम यायचा, मी कोरडी. आई म्हणायची, बरं आहे, तुला उकडत नाही. पण मी नुसती तापायची." तिनं युरिनोमीटर पुसून पेटीत ठेवला. "तीन वेगळे आजार कशाला होतील सर? तिन्हींची जागा एकच आहे. तिथं काहीतरी आहे."

वर्गात असं उत्तर आलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. मी म्हणालो, "एक्स-रे काढू."

"बाजूचंही दिसत नाही मला हल्ली," ती म्हणाली. "समोरचं दिसतं. मला वाटलं, चष्मा लागला."

एक्स-रेत पिट्युइटरी ज्या हाडाच्या खोबणीत बसते तिच्या वर चुन्याचे ठिपके दिसत होते, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. जन्माआधीच राहून गेलेल्या पेशींची गाठ. ती हळूहळू वाढते, खालून दृष्टीच्या दोऱ्यांवर आणि त्यांच्या वरच्या हायपोथॅलॅमसवर दाबत जाते. ती काढण्याचं धाडस करणारे सर्जन तेव्हा मद्रासला होते. त्यांनी पत्रात काही लपवलं नाही : तिघांतला एक परत जात नाही. काढली नाही तर दोन वर्षांत डोळे जातील, मग बाकीचं.

मी दुसऱ्या दिवशी वर्गापुढे तिची वही उघडली, लाल वाक्यावर रेघ मारली आणि सांगितलं, की कदमनं खरं लिहिलं होतं आणि मी खोटं. अप्पाराव उठून म्हणाला, "सर, मी पण तिला हसलो होतो," आणि खाली बसला. मी सही केली. हणमंतरावांनी औरंगाबादचं रुजू होणं पुढं ढकलायला अर्ज केला. नवीन राज्याचा शिक्का अजून आला नव्हता, म्हणून जुन्या राज्याच्या कागदावरचं त्याचं नाव खोडून त्यांना रजा मिळाली.

ऑपरेशन करायचं की नाही ते वासंतीनंच ठरवलं. मी तिच्या घरी गेलो होतो. आई सत्यवतीबाई चुलीपाशी बसून होत्या.

"पोरीची जात," त्या म्हणाल्या, "डोळं गेलं तर गेलं. मी हाय की. हात धरून फिरवीन."

"आणि तू नसलीस की?" वासंती म्हणाली. "आई, आंधळी डॉक्टर कोण ठेवील ग?"

"डॉक्टरीण नको हू."

"मग काय होऊ? तुझ्यासारखी भाकरी तरी नीट येते का मला?"

सत्यवतीबाईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात त्यांनी पदर तोंडाला लावला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मद्रासला गेलो. मी रजा काढली होती. गाडीत वासंतीनं एका वहीत रकाने आखले. किती प्यायले, किती गेलं, वजन, ताप, सुई कधी. मला दाखवून म्हणाली, "सही करा सर, रोज." मी रोज केली.

ऑपरेशन सहा तास चाललं. सर्जन बाहेर आले तेव्हा म्हणाले, गाठ बरीचशी निघाली, पण मागचा भाग हायपोथॅलॅमसला घट्ट चिकटला होता. रात्री ती शुद्धीवर आली. तिनं आईला हाक मारली, मला बघून बोट हलवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप चढायला लागला. एकशे तीन, दुपारी एकशे पाच. आम्ही बर्फ आणला. हणमंतराव ओला टॉवेल पिळून तिच्या अंगावरून फिरवत होते, तो वाळे, ते पुन्हा भिजवत.

"जंतूंचा ताप आहे का सर?"

"नाही." मी त्यांना सांगायला लागलो, कारण सांगण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. "जंतूंचा ताप असता तर थंडी वाजून आली असती, अंग कापलं असतं. शरीर स्वतःच ऊब वर नेतं तेव्हा तसं होतं. इथं तसं नाही. हे बघा, कातडी कोरडी आहे. ऊब वाढलीय, पण घाम काढा, असा निरोप द्यायची जागाच दुखावलीय. गरम झालेलं आहे, पण ते कुणाला कळत नाही."

"म्हणजे आपण बाहेरून करायचं."

"हो. आपणच करायचं."

"किती दिवस?"

"सूज उतरेपर्यंत. उतरली तर."

त्यांनी मान हलवली आणि टॉवेल बुडवला. नर्सनं पंखा जवळ आणला. शिरेतून पाणी चाललं होतं, पिट्रेसिन चाललं होतं. पाण्याचा हिशेब आम्ही सांभाळत होतो. ऊब सांभाळता येत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे सात. ती हाकेला ओ देईना. बर्फ लावला की अर्धा अंश उतरायचा, काढला की पुन्हा तिथंच.

मी तिची वही भरत होतो. नऊ वाजता. साडेनऊ वाजता. अर्ध्या अर्ध्या तासानं.

दुपारी हणमंतराव टॉवेल घेऊन तसेच थांबले. ते तिच्या ओठांकडे बघत होते. ओठ फाटले होते.

"सर, एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी कॉलेजात ती पाण्यावाचून बसली ना. घरी येऊन म्हणाली, अण्णा, तहान म्हणजे काय ते मला आज कळलं, दुसरं काही आठवतच नाही माणसाला." त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता तिला तशी तहान लागत असेल का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. शुद्ध नसलेल्या माणसाला काय जाणवतं, हे तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. ती जागा सुजलेली होती, दुखावलेली होती. पण किती पेशी उरल्या, त्यांतल्या किती अजून आकसत होत्या, हे मोजायला माझ्याकडे कुठलंच यंत्र नव्हतं. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो की मोजलं नाही ते लिहू नका.

"नाही," मी म्हणालो. "आता नाही लागत."

"नक्की?"

"नक्की."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग टॉवेल पिळून माझ्या हातात दिला आणि बाहेर व्हरांड्यात गेले. सत्यवतीबाई तिथं भिंतीला टेकून बसल्या होत्या, सकाळपासून त्यांनीही पाण्याला तोंड लावलं नव्हतं. दार उघडं होतं. त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"सर म्हणतात, तिला तहान नाही. तू पी आता थोडं."

पाचच्या सुमाराला वासंती गेली. टॉवेल माझ्याच हातात होता.